पृथ्वीचा गोळा नको, बादली दाखवा

कचऱ्यावरची फिल्म म्हटली की ती कशी सुरू होणार हे मी डोळे मिटून सांगू शकते. काळ्या पडद्यावर निळा पृथ्वीचा गोळा फिरतो. मागे बासरी. मग समुद्रातलं प्लास्टिक, मग वितळणारा बर्फ, मग घशात काही अडकल्यासारखा गंभीर पुरुषी आवाज. दोन मिनिटांनी सोसायटीचे अध्यक्ष खुर्चीत बसून ‘आपले कर्तव्य’ सांगतात, शेवटी मुलं फलक घेऊन उभी. आणि मधल्या कुठल्या तरी दृश्यात, न चुकता, साडी नेसलेली एक गृहिणी सगळा कचरा एकाच डब्यात टाकते, तिला तिचा शाळकरी मुलगा समजावतो आणि ती खजील होऊन हसते.

अशी फिल्म कोणी शेवटपर्यंत बघत नाही, आणि न बघणाऱ्यांना दोष देणं मला मान्य नाही. दोष लिहिणाऱ्याचा आहे. ज्याला जे आधीच ठाऊक आहे तेच पुन्हा सांगायला तुम्ही त्याची पाच मिनिटं मागता, तर तो बोटाने पुढे सरकवणारच.

आमचं शहर इंदूर. 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षामागून वर्षं पहिलं येणारं. इथे निगमची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत दारात येते. तिला सहा खण असतात : ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक कचरा. या शहरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ‘गीला’ आणि ‘सूखा’ कळतं. तरीही आमच्या मल्टीच्या कमिटीला वाटलं की लोकांत ‘जागृती’ नाही, म्हणून फिल्म करायची. लेखिका म्हणून ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की जागृती हा शब्द आधी बाजूला ठेवावा. माहिती लोकांकडे आहे. अडतं ते माहीत असणं आणि रात्री नऊला ओट्याशी प्रत्यक्ष करणं यांच्यामध्ये. फिल्म त्या मधल्या जागेबद्दल असेल तर लोक बघतील, नाहीतर नाही.

लोकांना आता धीर राहिला नाही, सगळं तीस सेकंदात हवं, असं कमिटीत एकाने सांगितलं. हेही खरं नाही. आमच्याच ग्रुपवर पार्किंगमध्ये एका स्कूटरला कोणीतरी ओरखडा पाडल्याची कॅमेऱ्यातली फीत आली होती. सहा मिनिटं, आवाज नाही, चित्र धूसर. ती लोकांनी दोनदोनदा पाहिली. का? जागा आपली होती आणि शेवटी काय होणार ते माहीत नव्हतं. फिल्म लिहिणाऱ्याने एवढ्या दोन गोष्टी धरल्या तरी पुष्कळ झालं. आपलीच इमारत, आणि शेवट आधी कळू नये.

आता लिहायचं काय? ते टेबलाशी बसून सापडत नाही. ते गाडीपाशी सापडतं. मी सात सकाळी वही घेऊन खाली उभी राहिले. आमच्याकडे 72 घरं. एकच गोष्ट मोजली : किती घरांचा ओला कचरा पिशवीची गाठ मारून येतो. रोज चाळीसच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त घरं वेगळं करत होती, पण वेगळं केलेलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ‘ओल्या’त टाकत होती. मनाने ती सगळी निश्चिंत होती. फलकावर लिहिल्याप्रमाणे आपण वागतोच, असं त्यांना वाटत होतं.

या गाठीचं पुढे काय होतं ते सांगितल्याशिवाय तिचा दोष कळत नाही. ओला कचरा शहराबाहेर देवगुराडियाला जातो. तिथे 2022 च्या फेब्रुवारीत, दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झालेला बायो-सीएनजीचा प्रकल्प आहे. बंद टाक्यांत, हवा न लागता, जंतू तो कचरा कुजवतात आणि त्यातून गॅस निघतो. भाजीची देठं कुजतात, पिशवी कुजत नाही. ती यंत्राच्या दांड्याला गुंडाळली जाते, टाकीत नुसतीच जागा अडवते. म्हणून ती आधी कोणीतरी फोडून काढावी लागते. ते काम आमच्याकडे खाली गाडीपाशीच होतं आणि हातांनी होतं. बांधलेल्या पिशवीत काय आहे हे फोडणारीला दिसत नाही. सगळा धोका त्या न दिसण्यात आहे.

मग लोक गाठ का मारतात, हेही विचारलं पाहिजे. मी विचारलं. आळस हे उत्तर एकीनेही दिलं नाही. वास येतो, लिफ्टमध्ये पाणी गळतं आणि मग शेजारी बोलतात, कामवाली बाई उघडी बादली न्यायला नको म्हणते, आणि आपला कचरा कोणी बघू नये असं वाटतं. चारही कारणं खरी आहेत. या चारांना उत्तर न देता ‘गाठ मारू नका’ असं सांगणारी फिल्म म्हणजे ओरडणारा मास्तर.

तेव्हा मी ठरवलं की फिल्म एकाच पिशवीची करायची. सहा खण, प्लास्टिकचे प्रकार, घरी खत कसं करावं, यातलं काही नाही. एक बांधलेली पिशवी, रात्री नऊपासून सकाळी साडेसातपर्यंत. लांबी चार मिनिटं. बोलण्याचे शब्द एकूण अडीचशेच्या आत, कारण सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात आणि चित्राला श्वास घ्यायला जागा लागते. भाषा हिंदी, कारण तिसऱ्या मजल्यावरचे मल्याळी आजोबाही बघणार आणि कामाला येणाऱ्या बायकाही.

सुरुवात अशी. ओट्यावर बांधलेली पिशवी. एक हात गाठ घट्ट करतो. पडद्यावर एकच ओळ : ‘इसमें क्या है?’ ना नाव, ना सोसायटीचं बोधचिन्ह, ना संगीत. पहिल्या दहा सेकंदांत प्रश्न टाकला नाही तर माणूस गेलाच.

पुढचं दीड मिनिट मागे जातं. त्या दिवशी त्या पिशवीत काय काय पडलं ते एकेका हाताने दिसतं. चेहरे नाहीत, फक्त हात. सकाळी चहाचा चोथा. मग दुधाच्या पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा. हा कोपरा वेगळा पडला की कुणाच्याच हाती लागत नाही, म्हणून पिशवी कापताना तो लटकता ठेवायचा. पण हे फिल्ममध्ये सांगितलेलं नाही, नुसतं दिसतं. मग आजोबांच्या थरथरत्या हातातून जुनी औषधाची गोळी. मुलाच्या हातातून चिप्सचं पाकीट. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक छोटं पुडकं, मुलीच्या हातातून. आणि दाढी झाल्यावर पुरुषाच्या हातातून ब्लेड. शेवटी पोळीचे तुकडे, वाटाण्याची सालं, आणि गाठ. गाठ मारणारा हात बांगड्यांचा आहे, पण तोपर्यंत बघणाऱ्याला कळलेलं असतं की पिशवी त्या एका हाताने भरलेली नाही.

ही सगळी पिशवी मी स्वतःच्या स्वयंपाकघरात भरली. कोणा शेजाऱ्याची पिशवी उघडून, तिचं चित्र घेऊन, ‘बघा, हे 402 वाले’ असं करणं मला कधीही मान्य होणार नाही. ज्याला लाज आणली तो फिल्म बघत नाही, भांडण बघतो.

तिसरं मिनिट गाडीपाशी. हातमोजे घातलेले दोन हात गाठ सोडू पाहतात, सुटत नाही, मग पिशवी फाडतात. बघणाऱ्याला ब्लेड माहीत आहे, त्या हातांना माहीत नाही. एवढ्यावरच फिल्म उभी आहे. आम्ही हात कापताना दाखवला नाही, रक्त नाही, रडकी बासरी नाही. बोटं चोथ्यात चाचपतात, पात्याच्या जवळ येतात, थांबतात. मग आमच्या मल्टीत रोज कचरा घेणाऱ्या दीदीचा आवाज येतो. तिने चेहरा दाखवायला नको म्हटलं, ते आम्ही पाळलं, आणि तिला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले. वाक्य तिचंच आहे : ‘बाँधो मत. खुला दे दो, मैं देख लूँगी.’ माझ्या कागदावर याच्या जागी चार वाक्यं होती. ती मी कापली.

चौथं मिनिट तीच रात्र, दुसऱ्या रीतीने. सिंकमधल्या जाळीच्या भांड्यात सालं आणि चोथा दहा मिनिटं निथळतात. वास येतो तो सालांचा कमी, साचलेल्या पाण्याचा जास्त. बादलीच्या तळाला वर्तमानपत्राचा एक कागद. निथळलेला कचरा त्यावर, झाकण अर्धवट. आता लिफ्टमध्ये गळायला पाणीच नाही. ब्लेड जाड कागदात गुंडाळून आणि गोळी पाकिटासकट घातक कचऱ्याच्या पुड्यात. पॅडचं पुडकं वेगळं, कागदावर लाल पेनाने खूण. सकाळी बादली उलटी करायची, तांदूळ धुतलेल्या पाण्याने विसळायची. कामवाली बाईही नेते, कारण बादलीला कडी आहे आणि हाताला काही लागत नाही.

आता ज्या दोन गोष्टींवर कमिटीशी माझी जुंपली त्या सांगते, कारण अशी फिल्म लिहिणाऱ्या प्रत्येकीची याच दोन ठिकाणी अडवणूक होणार आहे.

पहिली, पॅडचं पुडकं. ‘ताई, घरातले सगळे बघतील, ते एवढं काढा.’ मी म्हटलं, घरातले सगळे बघतील म्हणूनच ते ठेवायचं. गाडीला त्याचा स्वतंत्र खण आहे. 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यावेत. सरकारला ते लिहिताना संकोच वाटला नाही, निगमला खणावर रंगवताना वाटला नाही, मग चार मिनिटांच्या फिल्ममध्येच कसला संकोच? हा संकोच महाग पडतो तो खाली फाडणाऱ्या हातांना. आपली लाज झाकायला आपण गाठ मारतो आणि ती सोडायचं काम दुसऱ्या बाईला लावतो. बायकांनीच बायकांवर ढकललेलं हे काम आहे, आणि पुरुषांना ते दिसूही नये अशी आपली व्यवस्था आहे. सात सेकंदांचं ते दृश्य मी काढलं नाही. फिल्म आली त्या रात्री ग्रुपवर एकही तक्रार नव्हती. उलट दुसऱ्या दिवशी दोघी जणी मला लाल पेनाची खूण कुठे करायची ते विचारून गेल्या.

दुसरी, तीच खजील गृहिणी. कमिटीला गाठ मारणारी बाई हवी होती आणि तिला समजावणारा मुलगा. आपल्याकडे घर स्वच्छ असलं की घर चांगलं आणि घाण असलं की बाई वाईट. ब्लेड कोणी टाकलं? गोळी कोणी टाकली? पाकीट कोणी टाकलं? दिवसभर पाच माणसं त्या डब्यात टाकतात आणि समज मात्र एकीला देतात. यात न्याय तर नाहीच, पण फिल्म म्हणूनही ते चूक आहे. घरातल्या चौघांना पहिल्याच मिनिटाला कळतं की हे आईसाठी आहे, आणि चौघं उठून जातात. हात दाखवले की प्रत्येक जण आपला हात कधी येतो ते बघत बसतो. आमच्या शेजारचे साहेब मला लिफ्टमध्ये म्हणाले, ‘ब्लेडवाला मीच बरं का.’ त्यांच्यापर्यंत फिल्म पोचली, असं मी समजते.

शिवाय दोन बारीक गोष्टी, पण त्यांनीच फिल्म बुडते किंवा तरते. बहुतेक लोक ती फोनवर, आवाज बंद ठेवून बघतात, कारण शेजारी कोणी झोपलेलं असतं किंवा टीव्ही चालू असतो. म्हणून आवाज न लावता कळते का, हे आधी तपासायचं. अक्षरं मोठी, एका वेळी एकच ओळ, आणि तीही हातांच्या वर, खाली नाही, कारण खाली फोनची बटणं येतात. दुसरं, अध्यक्षांचं भाषण. ते फिल्मच्या आत घालू नका. त्यांना फिल्म पाठवताना स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं बोलू द्या. मान राहतो आणि फिल्मही वाचते.

शेवटपर्यंत पाहिली की नाही हे कळणार कसं? ग्रुपवर निळ्या खुणा दिसतात, पण त्या उघडल्याच्या, संपवल्याच्या नव्हेत. ‘छान’, हात जोडलेले, फुलं, यांना तर काहीच अर्थ नाही. मी शेवटच्या वीस सेकंदांत अशी एक माहिती ठेवली जी दुसरीकडे कुठेही लावली नव्हती, कमिटीलाही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं : तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीमागे जुने सेल आणि शिळ्या औषधांसाठी एक निळा डबा ठेवला आहे. डबा मुद्दाम नजरेआड ठेवला. ज्याने शेवट पाहिला त्यालाच, किंवा त्याने ज्याला सांगितलं त्यालाच, तो सापडणार. आठ दिवसांत डब्याचा तळ झाकला गेला, आणि त्यात रिमोटचे सेल होते, म्हणजे ते घरात कुठल्या कुठल्या खणात साठवलेले होते. तुमच्याकडे डबा रिकामा राहिला तर फिल्म तिसऱ्या मिनिटाच्या आतच कुठेतरी मेली असं समजा, आणि पाच घरांत शेजारी बसून बघा की नजर नेमकी कुठे उचलली जाते. तेवढंच कापायचं.

पण बघणं आणि करणं वेगळं. म्हणून महिन्याने मी पुन्हा सात सकाळी खाली उभी राहिले. गाठी चाळीसवरून सतरावर आल्या होत्या. तीन महिन्यांनी पंचवीस झाल्या, कारण तोवर काही भाडेकरू बदलले आणि पावसाळ्यात वास वाढला. तेव्हा फिल्म एकदाच पाठवून भागत नाही. नवीन कुटुंब आलं की चावीबरोबर ती द्यायची, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा.

आणि एक मर्यादा अशी आहे जी कितीही चांगल्या लिखाणाने ओलांडता येत नाही. एका मैत्रिणीच्या वसाहतीत घराघरातून वेगळा केलेला कचरा खाली आणून ठेकेदाराची माणसं एकाच ढिगात ओततात. तिने मला फिल्म लिहून मागितली. मी नाही म्हटलं. तिथे आधी ठेकेदाराशी भांडा, मग फिल्म. वेगळं केलेलं पुन्हा मिसळताना ज्याने एकदा पाहिलं, त्याला पुढे कुठलीही फिल्म पटणार नाही, आणि त्याने ती का पटवून घ्यावी?

महिला मंडळांत, गणपतीच्या कार्यक्रमांत, सोसायटीच्या वार्षिक सभेत आता अशी फिल्म करायची टूम निघाली आहे. तुमच्यापैकी कुणाकडे तरी ते काम येणारच, कारण ‘तू लिहितेस ना’ हे वाक्य आपल्याला फार लवकर ऐकू येतं. घ्या जरूर. पण कागद घेऊन बसण्याआधी खाली जा, गाठी मोजा, आणि गाठ मारणारीला विचारा की का मारतेस. तिच्या उत्तराला ज्या फिल्ममध्ये उत्तर नाही, ती कोणी शेवटपर्यंत पाहिली नाही तर रागावू नका. न बघणारी बाईच बरोबर आहे.